माझं भाषण आणि साडूंची अरबी

देवाने माणसाला भाऊ दिला तो भांडायला, आणि साडू दिला तो तुलना करायला. भावाशी भांडण झालं तर निदान मिटतं तरी. साडूचं तसं नसतं. तो काही न करता समोर बसतो, चहा पितो, आणि आपली बायको आधी त्याच्याकडे बघते, मग आपल्याकडे. त्या दोन बघण्यांच्या मधे जे काही असतं ते मी अठ्ठावीस वर्षं भोगलं आहे.

माझे साडू म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान. वयाने माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, उंचीने चार बोटं कमी, आणि बोलायला इतके कमी की फोनवर त्यांच्याशी बोलताना लाइन कट झाली की काय असं वाटतं. लग्न झालं तेव्हा ते एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होते. शिक्षण बारावी. मी तेव्हा हायस्कूलमध्ये इंग्रजीचा शिक्षक होतो आणि सासऱ्यांच्या घरातलं एकुलतं एक विद्वान माणूस होतो. त्यांची सगळी सरकारी पत्रं मी वाचायचो, मीच उत्तरं द्यायचो. "आमच्या मोठ्या जावयांना विचारा," हे सासऱ्यांचं वाक्य मला कुठल्याही पदवीपेक्षा प्रिय होतं. खोटं कशाला बोलू.

मग गोदामातल्या या माणसाने चाळिशीत एक उपद्व्याप केला. त्यांचे वरिष्ठ अरबी बोलणारे होते. त्यांच्याकडून ऐकून ऐकून यांना बोलीभाषा येऊ लागली होती. तेवढ्यावर गप्प बसावं की नाही? नाही. संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. लहान पोरांच्या बाकावर बसून हे गृहस्थ पाच वर्षं लेखी अरबी शिकले. मी तेव्हा घरात खूप विनोद केले त्यावर. "म्हातारपणी धुळाक्षरं," असं म्हणालो होतो. सगळे हसले होते. पाच वर्षांनी त्यांनी शपथबद्ध भाषांतरकाराची, म्हणजे ज्याचा शिक्का सरकारी कार्यालयांत चालतो त्याची, परीक्षा दिली, पास झाले, शिक्का मिळाला, आणि मग कुणी हसेना.

आता ते एका भाषांतराच्या कचेरीत काम करतात. फोटोकॉपीच्या दुकानाशेजारी काचेचा काउंटर, समोर चार प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टोकन नंबर दाखवणारी लाल अक्षरं. लोक जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, मुखत्यारपत्रं घेऊन येतात. साडू ती उलथीपालथी करून बघतात, अरबीत उतरवतात, शिक्का मारतात. बारा वर्षांत एकदाही त्यांचा कागद कुठल्या कार्यालयातून परत आला नाही, असं मेहुणी सांगते. महिन्यातून एकदा तरी सांगते.

आमचं एक मंडळ आहे. इथे परदेशात राहणाऱ्या आपल्या भाषेच्या माणसांचं, साधं. मंडळाचा छोटा हॉल आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचं छप्पर एका बाजूने खाली आलं. कुणाला लागलं नाही, पण हॉल बंद झाला. तेव्हा दोन गल्ल्या पलीकडच्या अरबी भाषिकांच्या संस्थेने आपला हॉल आम्हाला वापरायला दिला. आमचे वर्ग, बैठका, ज्येष्ठांचा कट्टा, सगळं त्यांच्याकडे. या वर्षी आमचं छप्पर दुरुस्त झालं. वार्षिक मेळावा आपल्या हॉलमध्ये करायचा आणि त्यांना पाहुणे म्हणून बोलवायचं, असं ठरलं.

स्वागताचं भाषण लिहिणार मी. यात चर्चेचा प्रश्नच नव्हता. सतरा वर्षं मंडळाची सगळी इंग्रजी भाषणं मी लिहितो आणि मीच करतो. लोक नंतर येऊन म्हणतात, "सर, काय भाषा आहे!" त्यांना किती कळतं ते सोडा. मला ते वाक्य वर्षातून एकदा लागतं, जसं कुणाला थंडीत गरम पाणी लागतं. बाकी वर्षभर मी निवृत्त आहे, आणि निवृत्त माणसाला घरात "जरा पाय उचला, झाडायचंय" एवढंच कुणी म्हणतं.

पण या वेळी बैठकीत अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "पाहुण्यांतल्या निम्म्यांना इंग्रजी नीट येत नाही. सरांचं भाषण अरबीतही हवं. तुमचे साडू आहेतच की!"

"आहेत ना," मी म्हणालो. तोंडात कडू गोळी धरून जेवढं गोड म्हणता येतं तेवढं गोड म्हणालो.

भाषण मी आठ दिवसांत लिहिलं. चार पानं. सुरुवातीला एक विनोद, की मला थोडक्यात बोला म्हणून सांगितलं आहे, पण तेहतीस वर्षं शिकवलेल्या माणसाला तो शब्द माहीत नाही. मग पाहुण्यांच्या येण्याने हृदयाला ऊब मिळाली वगैरे. मग त्यांनी हॉलच्या वापराची परवानगी दिली त्याबद्दल आभार. मग शेजारधर्मावर दोन परिच्छेद. उत्तम इंग्रजी होतं. आजही म्हणेन.

कागद घेऊन मी साडूंच्या कचेरीत गेलो. मुद्दाम गेलो. ईमेल केलं असतं तरी चाललं असतं, पण मला त्यांना खुर्चीतून उठताना बघायचं होतं. ते उठलेही.

"या दादा, बसा," म्हणाले. मग भाषण वाचलं. एकदा भरभर, एकदा पेन्सिल हातात घेऊन. परिच्छेदांना क्रमांक घातले. मग विचारू लागले.

"पाहुण्यांत कोण कोण आहेत?"

"त्यांच्या संस्थेचे लोक."

"नाही, म्हणजे हुद्दे. त्यांचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत. मशिदीचे इमाम येणार का? दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई? प्रत्येकाला संबोधन वेगळं असतं, आणि क्रमाने घ्यावं लागतं. चुकलं तर पुढचं कुणी ऐकत नाही."

"लिहा की ‘मान्यवर’ म्हणून."

"तेही येईल. सगळ्यांच्या नंतर."

मी म्हटलं, तुम्ही तर त्यांच्याशी रोज बोलता, मग बोलता तशीच अरबी लिहा की, एवढा घोळ कशाला? तेव्हा त्यांनी मला समजावलं. म्हणजे मला, शिक्षकाला. पाहुणे पाच-सहा देशांतून आलेले आहेत, घरात बोलतात ती अरबी प्रत्येकाची वेगळी. पण लेखी, भाषणाची अरबी सगळ्यांची एकच. ती सगळे शाळेत शिकतात, पुस्तकात वाचतात, घरी कुणीच बोलत नाही. समारंभात तीच हवी, नाहीतर एकाला ती आपली वाटेल आणि दुसऱ्याला परकी. बोलणं तसं बरोबर होतं. बरोबर असणं ही त्यांची जुनी खोड आहे.

चार दिवसांनी त्यांच्या चिठ्ठ्या आल्या. ही त्यांची कामाची पद्धत. शंका आली की स्वतःच्या मनाने काही करायचं नाही, पिवळ्या चिठ्ठीवर प्रश्न लिहायचा, कागदाला चिकटवून लेखकाकडे पाठवायचा. माझ्या चार पानांवर अकरा चिठ्ठ्या होत्या. माझ्या वहीवर कुणी लाल खुणा केल्यासारखं मला झालं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वह्यांवर केल्या.

"विनोद सलामाच्या आधी येतो. आधी सलाम, मग संबोधनं, मग विनोद, असं चालेल का?"

"‘हृदयाला ऊब’ असं अरबीत म्हणत नाहीत. त्यांचा वाक्प्रचार वापरू का?"

आणि सातवी चिठ्ठी, "‘हॉलच्या वापराची परवानगी दिल्याबद्दल आभार’ हे अरबीत भाडेकराराच्या पत्रासारखं वाचलं जाईल. दुसरं वाक्य सुचवू का?"

मी अकराही चिठ्ठ्यांवर एकच उत्तर लिहिलं, "शब्दाला शब्द." आणि खाली सही केली. सही कशाला केली देव जाणे.

आठवड्याने अरबी मजकूर आला. सहा पानं. माझं चार पानांचं सहा कसं झालं? मी फोन काढला, पानांचे फोटो घेतले आणि फोनला म्हटलं, कर बाबा याचं इंग्रजी. फोनने केलं. वाचता वाचता मला इतका आनंद झाला, जितका पोरांच्या परीक्षेत कॉपी पकडल्यावर व्हायचा. मी लिहिलं होतं हृदयाला ऊब मिळाली, आणि इथे होतं, तुम्हाला पाहून आमचे डोळे थंड झाले! मी साधं ‘स्वागत असो’ लिहिलं होतं, आणि इथे होतं, तुम्ही आपल्या माणसांत उतरलात आणि सपाट जमिनीवर पाऊल ठेवलंत! कसली सपाट जमीन? आमच्या हॉलला सतरा पायऱ्या आहेत.

बायकोला वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "अहो, पण छान वाटतंय की ऐकायला."

"छान? माझं भाषण आहे ते! आयत्या बिळावर नागोबा!"

"नागोबा नव्हे हो ते. बिचारे नीट काम करतायत."

बिचारे. अठ्ठावीस वर्षांत मला एकदाही ती बिचारे म्हणाली नाही.

कार्यकारिणीच्या बैठकीत मी फोनचं ते इंग्रजी छापून नेलं. पाच जण होते, वर अध्यक्षीणबाई, आणि कोपऱ्यात साडू. त्यांना खुलाशासाठी बोलावलं होतं, माझ्याच सूचनेवरून. मी एकेक वाक्य वाचलं. सूर असा लावला की खजिनदार हसू लागले. "डोळे थंड झाले" म्हटल्यावर तर मी थांबलोच, लोकांना हसायला वेळ मिळावा म्हणून.

साडूंनी घसा साफ केला. "आपण नाही का म्हणत, डोळे निवले?"

खजिनदारांचं हसू ओठातच राहिलं.

"पोराला बघून आईचे डोळे निवले. त्यांच्याकडेही तेच म्हणतात. उन्हातली भाषा आहे, त्यात सुख गार असतं, आपल्यासारखंच. ते जमिनीचं वाक्य म्हणजे जुनं स्वागत. रोज म्हणतात त्याचंच पूर्ण रूप. तुम्ही आपल्याच घरी आलात, वाट सोपी झाली, असं. फोनने शब्द उचलले, वाक्य ठेवलं तिथेच."

"आणि मी शब्दाला शब्द सांगितलं होतं त्याचं काय?" मी विचारलं.

"विनोद तुमचाच आहे दादा, फक्त सलामाच्या नंतर घेतला. शेजारधर्माचे दोन्ही परिच्छेद तुमचेच. हे दोन वाक्प्रचार बदलावेच लागले, नाहीतर वाक्य उभं राहत नाही. ते शेवटच्या पानावर तुमच्यासाठी लिहून दिलंय."

शेवटच्या पानावर खरोखरच मराठीत नोंदी होत्या. मी तिथपर्यंत गेलोच नव्हतो. फोनही गेला नव्हता.

"आभाराचं वाक्य मात्र दोन प्रकारे दिलंय," ते पुढे म्हणाले. "‘अ’ म्हणजे दादांनी सांगितलं तसं, शब्दाला शब्द. ‘ब’ माझी सूचना आहे. ते वाक्य मूळ भाषणात नाही, म्हणून वेगळं ठेवलं. कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवा."

"ब काय आहे?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

साडूंनी कागदाकडे न बघता मराठीत सांगितलं, "दोन वर्षं तुम्ही आम्हाला छप्पर दिलंत, आणि एकदाही दाराकडे पाहिलं नाहीत."

खजिनदारांनी चष्मा काढून पुसला. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "ब."

कुणी मत घेतलं नाही. मी घरी जाताना सगळी वाट त्या वाक्यात चूक शोधत होतो. पाहुणा उठावा असं वाटलं की यजमान दाराकडे बघतो, हे मला माहीत नव्हतं का? माझ्या घरी किती वेळा मी स्वतः बघितलं आहे, विशेषतः साडू आले की. मग ते मला का सुचलं नाही? चार पानं लिहिली, शब्दकोश उशाशी घेऊन लिहिली, आणि त्या सगळ्यात असं एक वाक्य नाही. मत्सर म्हणजे काय ते मला त्या दिवशी नेमकं कळलं. दुसऱ्याकडे आहे याचं एवढं दुःख नसतं. ते आपल्याकडे असायला काहीच हरकत नव्हती, याचं असतं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी साडू आमच्या घरी तालमीला आले. मी एक परिच्छेद इंग्रजीत वाचायचा, त्यांनी तोच अरबीत, असं ठरलं होतं. त्यांची पानं मोठ्या टायपात होती, आणि अक्षरांच्या वर-खाली त्यांनी बारीक लाल खुणा हाताने केल्या होत्या. मी विचारलं नाही, बायकोने विचारलं. अरबी लिहिताना बहुतेक स्वर लिहीत नाहीत, वाचणारा मनाने घालतो, ते म्हणाले. पण भाषणाच्या अरबीत शब्दाच्या शेवटचा स्वर वाक्यातल्या जागेप्रमाणे बदलतो, आणि चारचौघांत तो चुकला की विद्वान माणसं डोळे मिटून घेतात. म्हणून आधी सगळे स्वर घालून ठेवायचे, आणि जिथे थांबायचं तिथे रेघ, कारण थांबलं की शेवटचा स्वर गिळायचा असतो.

"इतक्या वर्षांनंतरही खुणा लागतात?" बायको म्हणाली.

"भीती वाटते ना, वहिनी. शेवटी शिकून आलेली भाषा आहे."

माझी इंग्रजीही शिकूनच आलेली. मला कधी भीती वाटली नाही. तेव्हा मला हा माझा मोठेपणा वाटला.

मेळाव्याला हॉल भरला होता. नव्या छपराला रंगाचा वास होता. पुढच्या दोन रांगांत पाहुणे, मधोमध ते निवृत्त न्यायाधीश, पांढरी दाढी, हातात काठी. मी ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिलो, डावीकडे दुसऱ्या ध्वनिक्षेपकासमोर साडू. मी नवा कोट घातला होता. साडूंचा तोच तो, कचेरीचा.

मी पहिला परिच्छेद वाचला. पाहुण्यांनी मान हलवली, जशी दंतवैद्याच्या खोलीबाहेर बसलेली माणसं हलवतात. मग साडूंनी सलाम केला आणि हॉलच्या निम्म्या माणसांनी एका आवाजात उलट सलाम केला. त्यांनी संबोधनं घेतली, न्यायाधीश, इमाम, डॉक्टरीणबाई. नाव घेतलं की त्या त्या माणसाची पाठ खुर्चीत ताठ व्हायची. मग माझा विनोद आला. माझ्या तोंडून आला तेव्हा आमची माणसं हसली होती, तीही सतरा वर्षांच्या सवयीने. साडूंच्या तोंडून आला तेव्हा पाहुणे मनापासून हसले, आणि हसून माझ्याकडे बघितलं. मी मान लववून स्वीकारलं. तो विनोद तरी माझा होता.

हा माणूस घरात चार वाक्यं सलग बोलत नाही. तिथे त्याचा आवाज असा घुमत होता की मी माझा पुढचा परिच्छेद कुठला ते विसरलो. मेहुणी पुढच्या रांगेत बसून नवऱ्याकडे बघत होती. ठीक आहे, तिचा नवरा आहे. पण तिच्याशेजारी माझी बायको बसली होती आणि तीही तिकडेच बघत होती.

मग ते वाक्य आलं. मी इंग्रजीत परवानगीबद्दल आभार मानले, साडूंनी अरबीत छपराचं आणि दाराचं वाचलं. मागच्या बाजूने कुणीतरी "अल्लाह" असं म्हणालं, हळू, दाद द्यावी तसं. न्यायाधीशांनी काठी बाजूला ठेवली. टाळ्या वाजल्या, भाषण संपायच्या आधीच. मी हात बांधून उभा होतो, कारण टाळ्या कुणासाठी आहेत ते मला माहीत होतं.

भाषणानंतर लोक जेवणाच्या टेबलांकडे वळले. अध्यक्षीणबाई ताटांच्या मागे, खजिनदार खुर्च्यांच्या मागे. मी आणि साडू पायरीपाशी उभे होतो. न्यायाधीश काठी टेकत आमच्याकडे आले. ते अरबीत बोलू लागले आणि साडू मधे उभे राहिले, एका बाजूला ते, एका बाजूला मी.

"विचारतायत, हे भाषण कुणी लिहिलं," साडू म्हणाले. "त्यांना ते त्यांच्या हॉलच्या प्रवेशदालनात फ्रेम करून लावायचंय, अरबी मजकूर. विशेषतः दाराच्या वाक्यासाठी. खाली लिहिणाऱ्याचं नाव घालायचंय."

एवढं सांगून ते थांबले. दोघेही माझ्याकडे बघत होते. न्यायाधीश उत्सुकतेने, साडू कसेही नाही. कामाच्या वेळी त्यांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा असतो. मी म्हणू शकलो असतो, इंग्रजी माझं, अरबी यांचं, आणि ते वाक्य तर सर्वस्वी यांचं. तीन तुकड्यांचं सोपं वाक्य होतं. शाळेत पोरांकडून अशी हजार लिहून घेतली मी.

"सांगा त्यांना," मी म्हणालो, "मी लिहिलं."

त्यांनी सांगितलं. मला अरबी येत नाही, पण न्यायाधीशांचे हात माझ्याकडे आले तेव्हा कळलं, की सांगितलं ते तसंच्या तसं, शब्दाला शब्द. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बोलू लागले, बराच वेळ. आणि साडू त्यांच्या मागोमाग मराठीत सांगत होते. बोलणाऱ्याच्या जागी उभं राहून ‘मी’ म्हणूनच सांगायचं, हा त्यांच्या धंद्याचा नियम.

"‘माझे वडील पाहुणा असेपर्यंत दाराकडे पाठ करून बसायचे,’" साडू सांगत होते. "‘ते गेल्याला चाळीस वर्षं झाली. मी परक्या गावात म्हातारा झालो. आज तुमच्या वाक्यात मला ते बसलेले दिसले. हे ज्याला सुचतं तो माणूस विद्वान नाही, सज्जन आहे. माझा सलाम तुम्हाला.’"

एक शब्द त्यांनी गाळला नाही, आवाजही हलला नाही. स्वतःचं कौतुक त्यांनी आपल्या तोंडाने, आपल्या हाताने आणून माझ्या पदरात घातलं, आणि मी ते घेतलं.

घरी जाताना गाडीत चौघे होतो. मेहुणी म्हणाली, "काय म्हणत होते हो ते दाढीवाले इतका वेळ?"

"भाषण आवडलं म्हणाले," साडू म्हणाले.

पुढे अध्यक्षीणबाईंनीही एकदा विचारलं, त्या फ्रेमवर दोघांची नावं आहेत ना म्हणून. साडू म्हणाले, "नाव आहे." त्यांनीच मजकूर पाठवला होता, त्यांनीच तपासून दिला होता. माझ्याशी ते पूर्वी बोलायचे तेवढंच बोलत राहिले. दादा, बसा. दादा, चहा घ्या. त्यांनी एकदा तरी टोमणा मारावा म्हणून मी वाट बघत होतो. भांडले असते तर मी उलट भांडलो असतो आणि जिंकलोही असतो, माझी भाषा चांगली आहे.

फ्रेम लागली त्याला दोन महिने होऊन गेले तरी मी तिकडे फिरकलो नव्हतो. मग मला संशय येऊ लागला. खाली खरं कुणाचं नाव आहे? साडूंनी स्वतःचं घातलं असेल तर? आणि खोटं का बोलू, तसं असावं असं मला वाटू लागलं होतं. मग आम्ही दोघे सारखे झालो असतो. त्यांना दोन शब्द ऐकवता आले असते.

एका सकाळी मी एकटा त्या हॉलमध्ये गेलो. प्रवेशदालनात, चपलांच्या कपाटाच्या वर, सोनेरी चौकटीत ते पान होतं. मी बराच वेळ त्याच्यासमोर उभा राहिलो. सुरुवात उजवीकडून होते एवढं माहीत होतं. माझा विनोद त्यात कुठे आहे ते कळेना, दाराचं वाक्य कुठे ते कळेना. तळाशी एक छोटी ओळ होती.

तिथला रखवालदार फरशी पुसत होता. मी इंग्रजीत विचारलं, खालची ओळ जरा वाचून दाखवता का? त्याने फडकं बादलीत टाकलं, जवळ आला, आणि वाचलं. माझं नाव होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे ‘उस्ताद’, म्हणजे त्यांच्यातलं ‘सर’, लावलेलं.

"आणखी काही? भाषांतर अमक्याचं, असं?"

"भाषांतर?" त्याने पुन्हा चौकटीकडे पाहिलं. "हे भाषांतर नाही साहेब. हे ज्याने लिहिलं त्याने अरबीतच लिहिलंय. मी रोज वाचतो." मग त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मेळाव्यात तो होता बहुतेक. त्याचा चेहरा एकदम उजळला. "तुम्हीच ना ते? उस्ताद?"

मी मान हलवली.

"मग," तो म्हणाला, आणि त्यात खोच अजिबात नव्हती, खरंच त्याला कळत नव्हतं, "स्वतःचं लिहिलेलं माझ्याकडून का वाचून घेताय?"

चष्मा घरी राहिला, असं मी त्याला सांगितलं. चष्मा माझ्या नाकावर होता.